मऊ कापडाने पुसावे

कागद तुम्ही काढला. शिक्का तुमच्या कार्यालयाचा. त्यावर दोन वाक्यं चुकीची होती, आणि त्या वाक्यांनी चार वर्षांच्या पोराचं औषध त्याच्या छातीत जाऊ द्यायच्या ऐवजी प्लास्टिकच्या नळीला चिकटवून ठेवलं. आम्हाला माहीत नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. माहीत नव्हतं तर लिहिलं कशाला? लिहिलं तर कुणाला दाखवलं का नाही? साधी लग्नपत्रिकासुद्धा माणूस चार जणांना दाखवल्याशिवाय छापत नाही. हे मी म्हणत नाही. हे इंद्रभान म्हणतो, आणि त्याचं आयुष्य छापण्यात गेलंय.

इंद्रभानचा छापखाना कारंजा लाडमध्ये, धान्य बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला होता. होता, असंच म्हणायला पाहिजे. एकच ट्रेडल मशीन, पायाने चालवायचं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ठेवायच्या लाकडी केसा भिंतीला तिरप्या लावलेल्या. बाप गेल्यावर इंद्रभानने तो सांभाळला. एके काळी लगीनसराईत दुकानासमोर सायकलींची रांग लागायची. इंझोरीचा पाटील असो नाही तर बाजारातला नसीम किराणावाला, पत्रिका हवी तर इंद्रभानकडे. अडत्यांच्या हिशेबपट्ट्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, जैन मंदिरातल्या कार्यक्रमाची निमंत्रणं, सगळं त्या एका मशीनमधून निघायचं. मशीनचा आवाज होता खटक-सर्र, खटक-सर्र. लिलाबाई, म्हणजे इंद्रभानची बायको, मागच्या खोलीत भाकरी थापायची आणि तिच्या हाताची थापसुद्धा त्याच चालीवर पडायची. एखाद्या दिवशी मशीन बंद राहिलं तर म्हणायची, "का जी, आज तुमचं मशीन मुकं झालं न् माह्या भाकरी वाकड्या होऊन राह्यल्या."

लिलाबाई गेली. मग फ्लेक्सवाले आले, मोबाइलवर पत्रिका फिरायला लागल्या. तरी इंद्रभान आठवड्यातून दोनदा मशीनला तेल घालायचा, कधीमधी पावतीपुस्तकं छापायचा. पण पोराला दमा निघाला आणि मशीन खरंच मुकं झालं.

पोरगा म्हणजे नातू, हरीओम. मुलगा राजू पुण्याला कंपनीत, सून राखी आणि नातू इथे. मागच्या पावसाळ्यात हरीओमला खोकला लागला तो जाईना. रात्री छाती शिट्टी वाजवल्यासारखी वाजायची. खेळता खेळता मध्येच बसून राहायचा, खांदे वर ओढून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, वैजयंती मॅडमनी, तपासून सांगितलं, हा दमा आहे, घाबरू नका, नीट औषध दिलं तर पोरगा तुमच्या पुढे पळेल. दोन पंप दिले. एक रोजचा, दोन वेळा, पोरगा बरा दिसला तरी द्यायचा. दुसरा धाप लागली की द्यायचा. सोबत एक पारदर्शक नळा, तोंडाला मास्क असलेला. त्याला स्पेसर म्हणतात. हरीओमने त्याचं नाव भोंगा ठेवलं. त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिकवणारी सिस्टर प्रशिक्षणाला गेलेली. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने एक कागद हातात दिला आणि म्हणाला, "याच्यात सगळं हाये. वाचा अन् तसंच करा."

गुळगुळीत कागद. रंगीत चित्रं. खाली शिक्का. वर मथळा, 'दमा असलेल्या बालकांच्या पालकांसाठी सूचना'.

राखीने तो घरी आणला तेव्हा इंद्रभानने आधी कागद बोटांत चोळून पाहिला. जुनी सवय. मग चष्मा लावून मोठ्याने वाचला. पंप हलवावा. मास्क नाकातोंडावर घट्ट बसवावा. 'औषधाचे दोन फवारे मारून बालकास श्वास घेण्यास सांगावे.' आणि शेवटी, 'प्रत्येक वापरानंतर स्पेसर आतून स्वच्छ मऊ कापडाने पुसून कोरडा करावा.'

"मामाजी, बरोबर असंन न् हे?" राखीने सासऱ्याला विचारलं.

"काहून नसंन? छापेल हाये, बेटा. छापाच्या आधी चार जन वाचतेत."

त्याचा विश्वास असा होता. त्याच्या बापाचा नियमच होता, गिऱ्हाइकाने प्रूफ वाचून सही केल्याशिवाय मशीनला पाय लावायचा नाही. जग तसंच चालतं, असं त्याला वाटायचं.

राखी कागदाला देवासारखं मानायला लागली. मऊ कापड म्हणजे कसलं मऊ? बाजारचा रुमाल टोचतो. तिने पेटी उघडली आणि सासूचं एक जुनं सुती लुगडं काढलं. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. हरीओम जन्मला तेव्हा त्याला याच लुगड्याच्या पदरात घेतलं होतं. त्याचा चौकोनी तुकडा कापण्याआधी तिने सासऱ्याकडे पाहिलं. इंद्रभान म्हणाला, "काप. तिच्या नातवासाठीच हाये. ती असती तर तिनंच कापलं असतं."

सकाळ-संध्याकाळ औषध, आणि औषध झालं की लिलाबाईच्या लुगड्याने भोंगा आतून चकाचक. राखी इतकी मन लावून घासायची की नळा आरशासारखा दिसायचा. इंद्रभान ते बघत बसायचा. त्या तुकड्याला अजून पेटीतल्या कापराचा वास होता. त्याला वाटायचं, बायको गेली तरी नातवाच्या औषधाला तिचा हात लागतो आहे.

आणि पोरगा बरा होईना.

दिवाळी झाली. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या. हरीओमला महिन्यात दोनदा दवाखान्यात नेऊन वाफेच्या मशीनवर बसवावं लागलं. शेजारच्या मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पंपाची सवय लागते व राखी. एकदा लागला का जनमभर सुटत नाई. ओव्याची धुरी दे, आमी तेच केलं."

"धुरानं तर वाढते, काकू. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"मंग तुह्या सासऱ्याच्या छापखान्याचा रॉकेलचा वास काय अत्तर हाये?"

बाई बोलून मोकळ्या झाल्या. इंद्रभानच्या मात्र ते काळजात गेलं. कागदावर लिहिलंच होतं, धूर, धूळ, उग्र वास टाळावेत. ते तरी खरं होतं. खिळे तो रॉकेलने धुवायचा, शाईचा वास घरभर असायचा. दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्या अशफाककडे गेला.

अशफाक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गावाबाहेर पत्र्याचं मोठं शेड. तो म्हणाला, "इंद्रभान, मशीन विकतोस? पागल झाला काय बे? माह्या निकाहची पत्रिका त्याच्यावर छापली होती."

"अन् तू म्हणे, आपलं नाव बारीक काहून छापलं."

"बारीकच होतं! बायकोचं मोठं, माहं बारीक. तवापासून घरात तिचंच चालते." अशफाक हसला, मग इंद्रभानचं तोंड पाहून गप्प झाला. "मी तोडनार नाई. शेडात ठेवतो. पोरगा सुदरू दे, मंग पाहू."

ट्रेडल हातगाड्यावरून गेलं. खिळ्यांच्या केसा गेल्या. घरात मशीनच्या चार पायांचे काळे डाग तेवढे राहिले. दुपारी इंद्रभान त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसायचा.

आणि तरीही पोरगा बरा होईना. म्हणजे मशीन गेलं ते गेलंच, वर शिट्टी चालूच. राजू पुण्याहून फोनवर चिडायचा, "तुमी औषध देता का नाई बराबर?" राखी फोन ठेवून रडायची. बराबर म्हणजे काय? कागदात आहे त्याहून अजून काय बराबर?

एका सकाळी हरीओमला बोलता येईना. दोन शब्द की एक श्वास. दवाखान्यात नेलं. सिस्टर सुकेशनी ड्युटीवर होत्या. बोलायला तोफ, पण हात मऊ. त्यांनी पोराला औषध दिलं, तास दोन तास समोर बसवून ठेवलं. शिट्टी उतरली. वैजयंती मॅडम कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, रोजचं औषध चालू असताना इतक्यांदा धाप का लागते? डोस वाढवायच्या आधी देतात कसं ते बघू.

"ताई, घरी देता तसं करून दाखवा," सुकेशनी सिस्टर म्हणाल्या. "मी इथं नाई असं समजा."

राखीने पिशवीतून सगळं काढलं. सकाळच्या घाईत पुसायचा राहिला होता, म्हणून आधी भोंग्यात कापड घालून तीनचारदा फिरवलं. पंप हलवला, लावला, मास्क पोराच्या तोंडावर दाबला, आणि फुस्-फुस् दोन फवारे एकामागून एक मारून म्हणाली, "घे श्वास."

"थांबा." सिस्टरचा आवाज चढला. "हे पुसायचं कोनं सांगतलं तुमाले? अन् दोन्ही फवारे एकदम?"

राखीचं तोंड उतरलं. तिने पिशवीच्या तळातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. "तुमीच."

सिस्टरनी वाचला. पुन्हा वाचला. मग मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी त्यातल्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं.

"हे चुकीचं आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही गोष्टी. बाई, तुमची चूक नाही. आम्ही तुम्हाला पहिल्याच दिवशी करून दाखवायला हवं होतं. तेही झालं नाही."

मग सिस्टर खाली बसल्या आणि इंद्रभानला, राखीला, आणि हरीओमलाही समजावून सांगितलं. कोरड्या कापडाने प्लास्टिक घासलं की त्यात वीज भरते. शाळेतली पोरं पट्टी डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलतात, तीच. औषधाचे बारीक बारीक कण त्या भिंतीला चिकटतात, छातीपर्यंत पोचतच नाहीत. आणि दोन फवारे एकदम मारले की नळ्यात एकमेकांवर आपटून अजून वाया जातात.

इंद्रभानने मान हलवली. त्याला हे कळायला वेळ लागला नाही. "थंडीत गुळगुळीत कागद असाच चिकटे, सिस्टर. एक उचलला का तीन येत. कोरडा दिवस असला का मशीनवर हैरान होऊन जावं." जरा थांबून तो म्हणाला, "म्हंजे जितकं घासलं तितकं औषध कमी गेलं."

"घासलं तितकं कमी," सिस्टर म्हणाल्या. "बाकी सगळं यानंच झालं असं मी म्हनत नाई. थंडी हाये, कापसाचा फुफाटा हाये. पन औषध पोचलंच नाई तर ते लढंन कशाच्या जोरावर?"

राखी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. "सर्वात मऊ पाहून घेतलं होतं वो ताई," एवढंच म्हणाली.

मग सिस्टरनी करून दाखवलं. पोराला मांडीवर ताठ बसवायचं, आडवं नाही. झाकण काढून पंपाच्या तोंडात काही अडकलं नाही ना बघायचं. पंप चांगला हलवायचा, भोंग्याच्या मागच्या भोकात बसवायचा. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर असा टेकवायचा की कडेने हवा जाणार नाही. एकच फवारा. मग मास्क न हलवता पोराला सावकाश पाच-सहा श्वास घेऊ सोडू द्यायचे. आतली पातळ पडदी हलते, ती हलली म्हणजे श्वास येतोय जातोय. अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा. पोरगा रडत असेल तर आधी शांत करायचा, रडण्यात औषध आत जात नाही. रोजच्या पंपानंतर तोंड धुवून चूळ भरायला लावायची. भोंगा आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून बुडवून काढायचा, आतून घासायचं नाही, पुसायचं तर अजिबात नाही. झटकून सावलीत वाऱ्यावर उभा ठेवायचा. आपोआप वाळू द्यायचा.

"अन् धापीचा पंप देऊनही बोलता येईना, ओठ निळे दिसले, तर कागद वाचत बसायचं नाई. औषध देत देत इकडे पळायचं."

हरीओमला सावकाश श्वास काही जमेना. मास्क लावला की भराभरा फुसफुसायचा. सिस्टर म्हणाल्या, त्याला काहीतरी चाल द्या. तेव्हा इंद्रभानच्या तोंडून, ठरवून नाही, आपसूक निघालं, "खटक..." आणि मग लांबवून, "...सर्र." पोराने आजोबाकडे पाहिलं. त्याने मशीन ऐकलं होतं, पाळण्यात असल्यापासून. खटकला श्वास आत, सर्रला बाहेर. पडदी डोलायला लागली. सहा वेळा मशीन चाललं, दवाखान्याच्या बाकड्यावर, मशीन नसताना. इंद्रभानचे डोळे भरले, पण चाल त्याने मोडली नाही.

महिन्याभरात फरक दिसला. शिट्टी आधी रात्रीची गेली, मग सकाळची. डोस वाढवावा लागला नाही. हरीओम मनकर्णाबाईंच्या ओट्यावर चढून उड्या मारायला लागला, आणि बाई म्हणाल्या, "हे पोट्टं दम्यावालंच बरं होतं, आता माह्या कुंड्या फोडते." राखी हसली. किती दिवसांनी.

इतक्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. इंद्रभानला झोप येईना. दवाखान्यात मॅडमनी कपाटातल्या कागदांवर पेनाने दुरुस्ती केली होती, वर कळवलंही होतं. उत्तर आलं नव्हतं. बाकीचे गठ्ठे मात्र जिल्हाभर गेलेलेच. मग तो अशफाकच्या शेडात गेला, घरापासून लांब, आणि मशीनवरचं पोतं ओढून काढलं.

"सुरू करून राह्यला?" अशफाक म्हणाला.

"एकच काम हाये."

खिळ्यांच्या केसांवर धूळ होती, पण बोटांना खिळ्यांच्या जागा पाठ होत्या. सिस्टरनी सांगितलं तसं, आपल्या बोलीत, एकेक ओळ जुळवली. प्रूफ काढलं आणि मॅडमकडे नेलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, धाप लागल्यावर काय करायचं ती ओळ वर घ्यायला लावली. त्यानंतरच त्याने मशीनला पाय लावला. खटक-सर्र. पत्र्याचं शेड घुमलं. अशफाक दारात उभा राहून चहा प्यायचा विसरला. शाईचा तो वास, शाई फिरवणाऱ्या रुळाचा तो चिकट आवाज, उजव्या हाताने कागद घालायचा, डाव्याने काढायचा. इंद्रभान पंचविशीतला झाला. मागच्या खोलीतून भाकरीची थाप येईल असंसुद्धा एक क्षण वाटून गेलं.

कागदांची पिशवी घेऊन तो एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी निघाला, ज्या कार्यालयाचा शिक्का होता तिथे. मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकड्यावर मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक म्हातारी बसलेली, मोतीबाई, मांडीवर नात. पोरीची मान श्वासागणिक आत ओढली जात होती. बाईने पिशवीतून तसाच नळा काढला, ओढणीचं टोक आत घालून फिरवायला लागली.

"बाई, पुसू नका!" इंद्रभान जवळजवळ ओरडलाच.

मोतीबाईने त्याला खालून वर पाहिलं. "तू कोन?"

त्याने सांगितलं. आपल्या नातवाचं, विजेचं, चिकटण्याचं, सगळं. पिशवीतून आपला कागद काढून हातात दिला.

"मले वाचता येत नाई. शाळेतल्या पोरीनं वाचून दाखोला तो कागद मी पाठ केला." तिने कमरेच्या पिशवीतून तुमचा गुळगुळीत कागद काढला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "याच्यावर ठसा हाये. तुह्या कागदावर कुठी हाये ठसा?"

इंद्रभान तिच्यासमोर उकिडवा बसला. "निदान एक एक फवारा तरी द्या, माय," तो म्हणाला. "अन् ह्या पोरीले आत्ताच इथल्या दवाखान्यात दाखवा. मान ओढली जाऊन राह्यली तिची. चला, मी येतो." त्यावर बाई उठली, कारण नातीकडे पाहून तिलाही भीती वाटलीच होती. त्याने त्यांना रिक्षात बसवलं, दवाखान्याच्या दारापर्यंत गेला, डॉक्टरने पोरीला आत घेतलं तेव्हाच निघाला. पण त्याचा कागद बाईने बाकड्यावरच ठेवला होता. तुमचा बरोबर नेला.

तुमच्या कार्यालयात पंखा होता, खुर्च्या होत्या, आणि साहेब होते. इंद्रभानने दोन्ही कागद टेबलावर मांडले.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का?" साहेबांनी विचारलं.

"नाई. छापखान्यावाला."

"मग तुम्हाला यातलं काय कळतं?"

"औषधातलं काईच नाई. ते डॉक्टरीणबाईनं तपासलं, त्यायनं तुमाले कळवलं बी. मले छपाईतलं कळते. चुकीचं छापलं तर काय करा लागते, तेवढं कळते."

"पुढच्या छपाईत बघू. आत्ता कागद गेलेत सगळीकडे."

इंद्रभान खुर्चीवर न विचारता बसला. "साहेब, माह्या बापानं एकदा एका लग्नाची तारीख चुकीची छापली होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या. कोनी काई म्हनायच्या आधी त्यानं सायकल काढली न् गावोगाव, घरोघर जाऊन एक एक पत्रिका वापस आनली. लोकं हासले त्याले. तो म्हने, हासू द्या, चुकीच्या दिवशी कोनी मांडवात येऊन उभं नाई राह्यलं पायजे. ती तर लग्नाची तारीख होती. हे पोरांचे श्वास हायेत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. इंद्रभान उठला नाही. त्याने गुळगुळीत कागद उचलून साहेबांच्या पुढे, अगदी हाताखाली, सरकवला.

"आत्ता मंगरूळपीरच्या स्टँडवर एक बाई हाच पाठ करून बसली होती. ती माह्यं ऐकत नाई, तुमच्या ठशाचं ऐकते. म्हनून मी आलो. पुढची छपाई कवा होईन ते मले नका सांगू. हे जे घराघरात गेलं, ते वापस आनाले कोन जानार, अन् कवा? तेवढं सांगा. मी बसलो हाये."